पाचवं रीडिंग खोडायचं की ठेवायचं?

एप्रिल महिना, यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज आणि बीएस्सीच्या प्रॅक्टिकलचा तास. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गावच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आली होती. घरी तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाण्याच्या गुंडाच्या बुडाशी पांढरा थर बसतो. आमच्याकडे अशा पाण्याला लोक ‘जड पाणी’ म्हणतात. ते किती जड आहे हे तिला आकड्यात पाहायचं होतं.

पद्धत ठरलेली आहे. पिपेटनं ५० मिली पाणी कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, अमोनियाचं बफर घालून पीएच १० च्या आसपास आणायचा, चिमूटभर ईबीटी हा रंगसूचक टाकायचा. पाणी वाइनसारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडत राहायचं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ईडीटीएनं पुरतं बांधून घेतलं की लाल रंग जातो आणि स्वच्छ निळा येतो. या ताकदीचं १ मिली ईडीटीए म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पाणी ५० मिली घेतलेलं, म्हणून ब्युरेट रीडिंगला २० नं गुणलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम जडपणा ते मिळतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. ६०० म्हणजे आमच्या ब्युरेटवर बरोबर ३०.० मिली.

तिची पाच रीडिंग अशी आली: २९.८, २९.७, २९.९, २९.८ आणि ३०.६.

ती वही घेऊन आली. “सर, हे पाचवं काहून असं आलं? खोडून टाकू का?”

हा प्रश्न विचारला जातो हेच मला फार मोलाचं वाटतं, कारण बहुतेक वह्यांमध्ये तो विचारलाच जात नाही. बारावीपासून हाताला एक सवय लागलेली असते. तीन रीडिंग घ्यायची, त्यातली दोन जुळली की तोच सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तिसरं जुळत नसेल तर ते ‘सुधारायचं’. या सवयीत दोन गोष्टी हरवतात. वेगळं आलेलं रीडिंग का वेगळं आलं हे कळत नाही, आणि आपला आकडा किती डळमळीत आहे तेही कळत नाही.

खोडायचं की ठेवायचं हे ठरवण्यासाठी एक साधी कसोटी आहे. डीन आणि डिक्सन यांनी १९५१ मध्ये ती मांडली आणि ‘क्यू टेस्ट’ म्हणून ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत रुळली. रीडिंग चढत्या क्रमानं लावायची. संशयित रीडिंग आपल्या शेजाऱ्यापासून किती दूर आहे ते काढायचं आणि त्याला सगळ्यात मोठ्या व सगळ्यात लहान रीडिंगमधल्या फरकानं भागायचं. इथे ३०.६ चा शेजारी २९.९, अंतर ०.७. एकूण पसारा ३०.६ वजा २९.७, म्हणजे ०.९. भागाकार आला ०.७८. पाच रीडिंगसाठी ९५ टक्के खात्रीच्या तक्त्यातला आकडा ०.७१ आहे. आपला क्यू त्याहून मोठा, म्हणून रीडिंग काढता येतं.

पण त्याच तक्त्यात ९९ टक्क्यांच्या रकान्यात पाच रीडिंगसाठी ०.८२१ आहे. तो लावला तर ३०.६ काढता येत नाही. म्हणजे कोणता रकाना वापरायचा हे ब्युरेट भरण्याआधी ठरलेलं पाहिजे. रीडिंग पाहून रकाना निवडला तर ती कसोटी राहत नाही, आपल्या मनासारखं करून घेण्याची सोय होते.

आणि इथे मनासारखं होणं म्हणजे काय, तेही पाहू. पाचही रीडिंग ठेवली तर सरासरी २९.९६ आणि प्रमाण विचलन, म्हणजे रीडिंगची पसरण, ०.३६ येतं. आता सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची? रीडिंग थोडी असताना ही जागा जरा जास्तच सोडावी लागते, आणि ती नेमकी किती हे डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं दाखवून दिलं. त्यातूनच आलेल्या टी-तक्त्यात ९५ टक्के खात्रीला पाच रीडिंगसाठी २.७७६ हा गुणक आहे. त्याला प्रमाण विचलनानं गुणायचं आणि रीडिंगच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं. आलं ०.४५. म्हणजे २९.९६ अधिक-उणे ०.४५. जडपण्यात सांगायचं तर ५९० ते ६०८. सहाशेची रेघ या पट्ट्याच्या आत पडते, त्यामुळे पाणी मर्यादेत आहे की नाही हे सांगता येत नाही.

पाचवं काढलं की चार रीडिंगची सरासरी २९.८० आणि विचलन ०.०८. गुणक वाढून ३.१८२ झाला तरी पट्टा आक्रसून अधिक-उणे ०.१३ वर येतो. जडपणा ५९३ ते ५९९. आता अख्खा पट्टा सहाशेच्या खाली! पाणी तेच, विहीर तीच, फक्त वहीतली एक ओळ गेली आणि निकाल फिरला. म्हणून खोडण्याआधी मी एकच प्रश्न विचारला: “पाचव्या फ्लास्कचं काय वेगळं केलं होतं?”

तिनं थोडा विचार केला. “डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं सर. मंग म्या विहिरीच्याच पाण्यानं खंगाळला.”

त्या दिवशी सकाळपासून लाइन नव्हती, डिस्टिलेशनचं भांडं बंद होतं आणि वॉश बॉटल चौथ्या फ्लास्कलाच रिकामी झाली होती. पिपेट विहिरीच्या पाण्यानं खंगाळायची असते, ब्युरेट ईडीटीएनं, पण फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. कारण पिपेट आणि ब्युरेट द्रव मोजून देतात. त्यांच्यात राहिलेल्या परक्या थेंबांनी द्रव पातळ होऊ नये म्हणून त्याच द्रवानं खंगाळायचं. फ्लास्कमध्ये मात्र मोजून घेतलेलं पाणी जातं. तिथे विहिरीचं पाणी भिंतींना चिकटून राहिलं तर ते न मोजता हिशेबात शिरतं.

हे खरंच इतकं असतं का? ०.८ मिली ईडीटीए जास्त लागलं. ५० मिली पाण्याला २९.८ लागतं, या हिशेबानं जवळपास १.३ मिली पाणी जास्तीचं असायला हवं. आम्ही कोरडा फ्लास्क तोलला. विहिरीच्या पाण्यानं खंगाळला, तिनं घाईत जसा उपडा केला होता तसाच केला आणि पुन्हा तोलला. वजन एक ग्रॅमहून थोडं जास्त वाढलं. फ्लास्कच्या आत बुडाशी पाण्याचं एक कडं फिरताना स्पष्ट दिसत होतं.

आता ते रीडिंग काढायला क्यू टेस्टची गरजच उरली नाही. कारण सापडलं की रीडिंग बाद, मग ते बाकीच्यांशी जुळत असलं तरीही. कसोटीनं फक्त कुठे शोधायचं ते दाखवलं. वहीत तिनं ३०.६ वर एकच आडवी रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: ‘फ्लास्क नमुन्याच्या पाण्याने खंगाळला.’

कारण सापडलं नसतं तर? तर मी तिला आणखी रीडिंग घ्यायला लावली असती, किंवा मधलं रीडिंग म्हणजे माध्यक सांगायला. पाचांतलं मधलं २९.८ आणि चारांतलंही २९.८. टोकाच्या एका आकड्यानं ते हलत नाही. क्यू टेस्ट एका संचावर एकदाच लावायची असते. एक काढून उरलेल्यांवर पुन्हा, मग पुन्हा, असं करत गेलं तर शेवटी अगदी गोंडस आणि अगदी खोटा संच हाती राहतो. तीन रीडिंगवर तर ती लावूच नये. २९.८, २९.८, २९.९ ही तीन घ्या. अंतर ०.१, पसारा ०.१, क्यू १. तक्त्यातल्या ०.९७ पेक्षा मोठा, म्हणजे २९.९ बाद! ब्युरेटवरच्या एका रेघेइतक्या फरकासाठी चांगलं रीडिंग जातं. सी.बी.आर.ची सवय नेमकी हेच करते. उलट दोन रीडिंग एकत्र चुकली तर कसोटीला दिसतच नाहीत. तिनं दोन फ्लास्क तसे खंगाळले असते आणि ३०.५ व ३०.६ आली असती, तर शेजारी अंतर फक्त ०.१ भरलं असतं आणि दोन्ही निवांत पास झाली असती.

दुसऱ्या दिवशी लाइन होती. नीट धुतलेल्या फ्लास्कमध्ये तिनं आणखी दोन रीडिंग घेतली, २९.९ आणि २९.८. आता सहा झाली. सरासरी २९.८२, अधिक-उणे ०.०८. जडपणा साधारण ५९५ ते ५९८.

“पण सर, माझं २९.७ तर या पट्ट्याच्या बाहेर पडलं,” ती म्हणाली. पडणारच. हा पट्टा एकेका रीडिंगचा नाही, सरासरीचा आहे. याच पद्धतीनं, याच ईडीटीएनं हा सहा रीडिंगचा खेळ शंभर वेळा केला आणि दर वेळी पट्टा काढला, तर साधारण ९५ पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल, एवढंच तो सांगतो. रीडिंग वाढवत गेलं की पट्टा अरुंद होत जातो, पण रीडिंगची पसरण तेवढीच राहते.

‘याच ईडीटीएनं’ या शब्दांत एक मोठी अडचण आहे. सगळी रीडिंग एकाच बाटलीतल्या द्रावणानं घेतली. ते ०.०१ ऐवजी ०.०१०१ मोलर असेल, म्हणजे फक्त एक टक्का कडक, तर सहाही रीडिंग एकाच बाजूला सरकतात. एकमेकांशी ती तितकीच छान जुळतात, पट्टा तितकाच अरुंद राहतो, आणि खरा जडपणा मात्र ६०२ असतो. क्यू टेस्टला हे दिसत नाही आणि टी-तक्त्यालाही नाही. हे पकडायची नेहमीची वाट अशी आहे: शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट वाळवून, तोलून, ॲसिडमध्ये विरघळवून त्याच्या ओळखीच्या द्रावणावर तेच ईडीटीए तपासायचं. आमच्या बाटलीवर तारीख होती, ताकद होती, पण अशी तपासणी केल्याची नोंद नव्हती. शिवाय साध्या वर्गाच्या ५० मिली ब्युरेटमध्ये ०.१ मिलीची चूक बनावटीतच मान्य असते, म्हणजे आणखी २ मिलिग्रॅम.

म्हणून अहवालात ‘६०० च्या खाली’ असं लिहायचं नाही, हे आम्ही ठरवलं. तिनं लिहिलं: ‘जडपणा ५९६ मिलिग्रॅम प्रति लिटर, सहा रीडिंगचा ९५ टक्के पट्टा अधिक-उणे २. ईडीटीएची ताकद तपासलेली नाही, त्यामुळे ६०० च्या वर की खाली हे सांगता येत नाही.’

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांना पट्टा वगैरे नको होता. पाणी कसं आहे तेवढं सांगा म्हणाले. मी म्हटलं, “काका, इष्ट मर्यादेच्या जवळपास तिप्पट जड आहे, याबद्दल शंका नाही. गावात दुसरी विहीर असेल तर तिचंही पाणी पाठवा, आणि यावेळी कॅन आधी त्याच पाण्यानं दोनदा खंगाळून भरा.” कॅन त्या पाण्यानं खंगाळायचा आणि फ्लास्क मात्र नाही, हे ऐकून मागून तिच्या हसण्याचा आवाज आला. सोमवारी ती कॅल्शियम कार्बोनेटची बाटली शोधत स्टोअरमध्ये उभी होती.