शेअरची टिप देणारा व्हिडिओ आला? आधी बोलणाऱ्याचे ओठ बघा
(आमच्या गुंतवणूकदारांसाठी)

एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, लोकांना सावध केलं होतं. मुख्य कार्यकारी अधिकारी आशीषकुमार चौहान शेअर सुचवताना दिसत होते, ते व्हिडिओ बनावट होते. एनएसईच्या कर्मचाऱ्यांना कोणताही शेअर सुचवण्याची मुभाच नाही, हेही तेव्हा सांगितलं गेलं.

अशा फसवणुकीत बऱ्याचदा जुनी, खरी मुलाखत घेतात. चेहरा, कपडे, हातवारे सगळं त्याच माणसाचं असतं. फक्त तोंडाचा भाग नव्याने तयार करतात आणि नकली आवाज जोडतात. म्हणून डोळ्यांकडे बघून काही कळत नाही. ओठच बघावे लागतात.

प, ब, भ, म ही अक्षरं शाळेत आपण ओष्ठ्य म्हणून शिकलो. ओठ पूर्ण मिटल्याशिवाय ती उच्चारताच येत नाहीत. समजा व्हिडिओत वाक्य आहे, ‘भरपूर परतावा मिळेल, पैसे बुडणार नाहीत.’ यात ओठ सहा वेळा मिटायला हवेत: ‘भरपूर’मध्ये दोनदा, मग ‘परतावा’, ‘मिळेल’, ‘पैसे’ आणि ‘बुडणार’ यांच्या सुरुवातीला. व्हिडिओ फोनमध्ये सेव्ह करून व्हीएलसीसारख्या प्लेअरवर पाव वेगाने चालवा आणि हे सहा क्षण तपासा. प्रत्येक वेळी ओठ जेमतेम एक दशांश सेकंद मिटतात, त्यामुळे नेहमीच्या वेगात चूक निसटते. आवाज ‘प’चा आणि ओठांमध्ये फट, असं वारंवार दिसलं तर संशय पक्का धरा. दातांकडेही लक्ष द्या. एकेक दात वेगळा न दिसता पांढरी पट्टी दिसते का, बाकी चेहरा स्पष्ट असून तोंडाभोवतीच धूसर आहे का, ते बघा.

पूर्ण चेहराच दुसऱ्याचा बसवला असेल, तर खुणा कडेला सापडतात. मान वळताना किंवा चेहऱ्यासमोरून हात जाताना जबड्याची आणि कपाळाची कड थरथरते, चष्म्याची दांडी क्षणभर तुटते.

मात्र दुसऱ्या भाषेत डब केलेल्या खऱ्या जाहिरातीतही ओठ जुळत नाहीत. दाट मिशी असेल किंवा फॉरवर्ड होऊन चित्र खराब झालं असेल, तर ही तपासणी लंगडी पडते. शिवाय चांगला बनवलेला व्हिडिओ तिच्यातून सुटूही शकतो. खोट सापडली नाही, एवढ्यावरून व्हिडिओ खरा ठरवू नका.

मग मूळ व्हिडिओ शोधा. एका दृश्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाका. तोच शर्ट, तीच खुर्ची, तोच माइक असलेली जुनी मुलाखत अनेकदा सापडते आणि तिच्यात तो माणूस भलत्याच विषयावर बोलत असतो.

तरीही शंका राहिली, तर पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ आमच्याकडे पाठवा, आपण एकत्र बघू. पैसे गेले असतील, तर आमची वाट न पाहता लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.