लिंक प्रिव्ह्यू: येणाऱ्या लिंकचा वेगळा, जाणाऱ्या लिंकचा वेगळा

‘अनोळखी लिंक आली की नुसत्या प्रिव्ह्यूवरूनच तुमचा आयपी पत्ता समोरच्या साइटला कळतो, म्हणून व्हॉट्सॲपमध्ये प्रिव्ह्यू बंद करा.’ हा सल्ला ठरावीक दिवसांनी फिरत येतोच. सेटिंग खरं आहे, कारण मात्र उलटं सांगितलंय.

लिंकखाली चित्र, मथळा आणि दोन ओळींचा चौकोन येतो, तो सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न एवढाच, की ते चित्र आणि मथळा साइटवरून आणायला गेलं कोण?

व्हॉट्सॲप आणि सिग्नलमध्ये पाठवणाऱ्याचा फोन जातो. तुम्ही लिंक पेस्ट केली की तुमचाच फोन ते पान मागवतो, चौकोन बनवतो आणि निरोपाबरोबर पुढे धाडतो. घेणाऱ्याला तो तयार मिळतो. त्याच्या फोनला साइटकडे जावंच लागत नाही. म्हणजे आलेल्या लिंकचा प्रिव्ह्यू नुसता बघून तुमचं काही फुटत नाही. फुटतं ते तुम्ही लिंक पाठवताना, आणि सेटिंगही तेवढंच थांबवतं.

एक उदाहरण घ्या. तुम्हाला ईमेलने एक लिंक आली, शेवटी फक्त तुमच्यासाठी बनवलेला कोड आहे. संशय आला म्हणून ती उघडली नाही. ‘हे खरं आहे का?’ असं मित्राला विचारायला ती व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट केली. त्याच क्षणी साइटच्या नोंदवहीत साधारण अशी ओळ पडते:

```
203.0.113.24 [21:14:07] "GET /s?id=7f3a" "WhatsApp/2.24.6.77 A"
```

पहिला आकडा तुमचा आयपी पत्ता. त्यावरून इंटरनेट कंपनी आणि ढोबळ ठिकाण कळतं. मग वेळ, मग कोडसकट पत्ता, शेवटी ॲपची आवृत्ती, आणि `A` म्हणजे अँड्रॉइड. फोन नंबर यात नाही. ब्राउझरमधल्या कुकी नाहीत, त्यामुळे तुमचं लॉगिनही नाही. पण `7f3a` हा कोड एकाच माणसाला दिलेला असेल, तर नावाची गरजच काय? ईमेल पोचला, वाचला गेला आणि लिंक पुढे चालली आहे, हे सगळं लिंक न उघडताच कळलं.

मित्राने लिंक दाबली की दुसरी ओळ पडते. तिथे आयपी त्याचा आणि ॲपच्या जागी `Mozilla` ने सुरू होणारं ब्राउझरचं नाव. प्रिव्ह्यू बंद ठेवल्याने फक्त पहिली ओळ टळते. दुसरीत तुमचा कोड जायला नको असेल तर तो काढून लिंक पाठवा, म्हणजे इथे `?` पासून पुढचं सगळं खोडा. काही साइटवर त्याने पान उघडत नाही, पण संशयित लिंकच्या बाबतीत ते बरंच.

चौकोनावरची फुली दाबून ‘काढला प्रिव्ह्यू’ म्हणणं हा दुसरा आवडता गैरसमज. चौकोन दिसला याचाच अर्थ पान आणून झालं. फुलीने फक्त मित्राला चौकोन दिसत नाही; साइटच्या नोंदीतली ओळ तशीच राहते. बंद करायचं ते पेस्ट करण्याआधी.

व्हॉट्सॲपमध्ये `Settings → Privacy → Advanced` मध्ये `Disable link previews` आहे. नाव ‘बंद करा’ असल्यामुळे हे बटण चालू करायचं. सिग्नलमध्ये `Settings → Chats` मध्ये `Generate link previews` आहे, ते मात्र बंद करायचं. ही उलटसुलट भाषा बऱ्याच जणांना फसवते. तपासायला एखाद्या बातमीची लिंक पेस्ट करून थोडं थांबा. चौकोन आलाच नाही तर काम झालं.

टेलिग्राम आणि स्लॅकची गोष्ट वेगळी. तिथे पान कंपनीचा सर्व्हर आणतो, त्यामुळे साइटला तुमचा आयपी दिसत नाही, `TelegramBot` किंवा `Slackbot` दिसतो. बदल्यात लिंक कंपनीला कळते, आणि लिंकमध्ये कोड असेल तर कोणीतरी ती चॅटमध्ये टाकली हे साइटलाही कळतंच. स्लॅकच्या पसंतींमधला प्रिव्ह्यूचा पर्याय तर फक्त तुमच्या पडद्यावर काय दिसावं एवढंच ठरवतो. त्याला गोपनीयतेचं सेटिंग म्हणणं बंद झालं पाहिजे.

घेणाऱ्याच्या फोनने आपणहून पान आणण्याचा प्रकारही असतो आणि तो सगळ्यात वाईट, कारण मग नुसता निरोप आला तरी आयपी जातो. 2020 मध्ये तलाल हाज बकरी आणि टॉमी मिस्क यांनी बरीच ॲप तपासली, त्यात असं करणारीही सापडली. फिरत येणारा तो सल्ला अशा ॲपला लागू पडतो, व्हॉट्सॲपला नाही.

ॲपमध्ये सेटिंगच नसेल तर पत्ता मोडून लिहा: `example[.]com`. आधी कुठेतरी दुसरीकडे, नोट्समध्ये वगैरे मोडा आणि मग चॅटमध्ये आणा. चॅटच्या चौकटीत पूर्ण पत्ता पेस्ट करून नंतर कंस घातलेत, तर फोन तोवर साइटवर जाऊन आलेला असतो.