रंगाची ट्यूब, डेव्हलपरची बाटली आणि घरचा वजनकाटा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात किंवा पुण्यात रविवार पेठेत पार्लरचे सामान विकणारी जी दुकाने आहेत, त्यांत आता ब्युटिशियनांच्या बरोबरीने घरी केस रंगवणारी गिऱ्हाइकेही दिसतात. त्यांना दोन वस्तू हव्या असतात. एक म्हणजे ५० किंवा ६० ग्रॅमची रंगाची ट्यूब आणि दुसरी म्हणजे डेव्हलपरची बाटली, जी बहुधा एक लिटरची असते. दोन्हींवर केवळ व्यावसायिक वापरासाठी अशी सूचना छापलेली असते आणि ती वाचून अनेकांचा समज होतो की ट्यूबमधला रंग घरगुती खोक्यातल्या रंगापेक्षा काही वेगळ्या जातीचा असावा. रसायनाच्या दृष्टीने तसे नसते. खोक्यात रंग आणि डेव्हलपर मोजून, एकमेकांना जुळवून दिलेले असतात. दुकानात ते सुटे मिळतात आणि जुळवण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर येते. बचत आणि धोका या दोहोंचे मूळ इथेच आहे.

ट्यूब पिळली की बाहेर येते ती फिकट, जवळजवळ साईच्या रंगाची क्रीम, कारण तिच्यात तयार रंग नसतोच. तिच्यात पॅरा-फेनिलिनडायअमिन किंवा टोल्युइनडायअमिन यांसारखे लहान, बिनरंगी रेणू असतात, त्यांच्याशी जोडले जाणारे रिसॉर्सिनॉलसारखे दुसरे रेणू असतात आणि अमोनिया असतो. डेव्हलपर म्हणजे पाण्यात मिसळलेले हायड्रोजन पेरॉक्साइड. ते बाटलीत टिकावे म्हणून किंचित आम्लधर्मी ठेवलेले असते. दोन्ही एकत्र आले की अमोनियामुळे मिश्रण अल्कधर्मी होते, केसाची बाहेरची खवलेदार साल फुगून सैल होते आणि लहान रेणू आत शिरतात. तिथे पेरॉक्साइड त्यांचे ऑक्सिडीकरण करते, ते एकमेकांना जोडले जातात आणि त्यांतून इतके मोठे रंगीत रेणू तयार होतात की त्यांना सहजासहजी बाहेर पडता येत नाही. या साऱ्याला अर्धा तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून वीस मिनिटांत केस धुतले तर अर्धवट जोडलेले रेणू निघून जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातच पांढरे केस पुन्हा डोकावू लागतात. उलट दोन तास ठेवल्याने रंग अधिक गडद होत नाही; अभिक्रिया तोवर संपलेली असते आणि टाळूला मात्र विनाकारण त्रास होतो.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो डेव्हलपरच्या ‘व्हॉल्यूम’चा, आणि सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. बाटलीवर १०, २०, ३० किंवा ४० असा आकडा असतो. २० व्हॉल्यूम याचा अर्थ असा की त्या द्रावणातले सगळे पेरॉक्साइड विघटित झाले तर एक लिटर द्रावणातून सुमारे २० लिटर ऑक्सिजन वायू निघेल. टक्केवारीत सांगायचे तर १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. युरोपीय संघाच्या नियमांत केसांसाठीच्या उत्पादनांत पेरॉक्साइडची कमाल मर्यादा १२ टक्केच आहे, म्हणजे ४० हा आकडा मर्यादेच्या काठावरचा आहे. आकडा मोठा असला की रंग पक्का बसतो, ही समजूत मात्र खोटी आहे. पेरॉक्साइडला दोन कामे असतात: नवा रंग तयार करणे आणि केसातले मूळचे मेलॅनिन फिके करणे. पहिल्या कामाला ६ टक्के पुरेसे असतात. त्यापुढचा जोर मुख्यतः दुसऱ्या कामात खर्च होतो. पांढरे केस झाकण्यासाठी ४० व्हॉल्यूम आणले तर पांढरे केस अधिक चांगले झाकले जात नाहीत. उलट शेजारचे काळे केस उजळून त्यांत तांबूस-नारिंगी छटा उमटते, आणि तीही मुळांपाशी सर्वांत जास्त, कारण डोक्याच्या उष्णतेने तिथे अभिक्रिया वेगाने होते. टाळू भाजण्याचा धोका वेगळाच. घरी मुळे रंगवायची असतील तर २० ची बाटली घ्यावी. ३० आणि ४० दुकानातच राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा आकडा ट्यूबवरचा. त्यातला पहिला अंक केस किती गडद हे सांगतो: १ म्हणजे काळा, ३ म्हणजे गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिका तपकिरी, आणि असे करत १० पर्यंत गेले की अगदी फिका सोनेरी. टिंबानंतरचा अंक छटा सांगतो, पण ती भाषा प्रत्येक कंपनीची निराळी आहे. छटेचा ६ हा अंक लॉरिअलच्या ‘मजिरेल’मध्ये लाल, वेलाच्या ‘कोलेस्टन’मध्ये जांभळा, तर श्वार्झकोफच्या ‘इगोरा रॉयल’मध्ये चॉकलेटी छटा दाखवतो. त्यामुळे एका कंपनीचा नंबर लिहून नेऊन दुसऱ्या कंपनीची ‘तीच’ ट्यूब आणणे हा निव्वळ जुगार ठरतो. शेडकार्डावरचे झुपकेही फसवे असतात, कारण ते आपल्या काळ्या केसांवर रंगवलेले नसतात. नैसर्गिक गडद केसांवर ७.३ ही सोनेरी छटा २० व्हॉल्यूमबरोबर लावली तर काळे केस उन्हात जेमतेम तांबूस दिसतील, पण मध्ये विखुरलेले पांढरे केस खरोखरच सोनेरी होतील आणि ते आधीपेक्षाही जास्त उठून दिसतील. पांढरे झाकायचे असतील तर टिंबापुढे शून्य असलेला किंवा केवळ अखंड अंकाचा मूळ रंग घ्यावा, अथवा छटेच्या ट्यूबमध्ये तो निम्म्याने मिसळावा.

आता एक उदाहरण पुरते करून पाहू. खांद्यापर्यंत केस, नैसर्गिक रंग ३, साधारण निम्मे पांढरे, आणि महिन्याकाठी वाढलेली एक-दीड सेंटिमीटर मुळे रंगवायची आहेत, असे समजू. ४ क्रमांकाचा मूळ रंग आणि २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर घेतला. ‘मजिरेल’चे प्रमाण एकास दीड असल्यामुळे २० ग्रॅम रंगात ३० ग्रॅम डेव्हलपर मिसळायचा, ‘इगोरा रॉयल’ किंवा ‘कोलेस्टन’ असता तर प्रमाण एकास एक धरावे लागले असते. हे चमच्याने करण्याचे काम नव्हे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लॅस्टिकची वाटी ठेवून, आकडा शून्यावर आणून, आधी रंग आणि मग डेव्हलपर तोलावा. डेव्हलपर जास्त झाला तर रंग पातळ होऊन ओघळतो आणि पांढरे केस अर्धपारदर्शक राहतात; कमी झाला तर रेणूंची जोडणी अपुरी राहते आणि न जोडलेले रंगद्रव्य त्वचेच्या संपर्कात येते. कोरड्या केसांत भाग पाडत मिश्रण फक्त मुळांना लावावे आणि पस्तीस मिनिटे थांबावे. आधी रंगवलेल्या लांबीवर दर महिन्याला तेच मिश्रण फिरवले तर रंगाचे थर साचत जातात आणि वर्षभरात टोके काळीभोर, मुळे तपकिरी असे चित्र दिसू लागते.

पैशांचे गणित दुकानात वाटते तितके सरळ नाही. किमती शहरागणिक बदलतात, म्हणून केवळ हिशेबापुरते ५० ग्रॅमच्या ट्यूबचे ४०० आणि लिटरभर डेव्हलपरचे ५०० रुपये धरू. एका वेळेचा २० ग्रॅम रंग १६० रुपयांचा आणि ३० ग्रॅम डेव्हलपर अवघ्या १५ रुपयांचा, म्हणजे खर्च १७५ रुपये. पण महिन्याला ३० ग्रॅम या वेगाने ती बाटली संपायला पावणेतीन वर्षे लागतील, आणि उघडलेला डेव्हलपर इतका काळ आपली ताकद टिकवत नाही. वर्षानंतर उरलेला ओतून द्यायचा म्हटले तर बाटलीचे ५०० रुपये बारा वेळांवर वाटावे लागतात आणि एका वेळेचा खर्च दोनशेच्या घरात जातो. पार्लरमधल्या मजुरीशी तुलना केली तर ही घसघशीत बचत आहे. घरगुती खोक्याशी केली तर फरक थोडा आहे आणि कधीकधी तो उलटाही पडतो. खोक्यापेक्षा ट्यूबचा खरा फायदा असा की लागेल तेवढेच मिसळता येते आणि दोन रंग जुळवता येतात. लहान बाटली मिळत असेल तर तीच घ्यावी. मोठ्या कॅनमधून सुटा भरून दिलेला डेव्हलपर मात्र कितीही स्वस्त असला तरी नाकारावा, कारण त्यावर ना व्हॉल्यूम लिहिलेला असतो ना मुदत, आणि घरात तो पाण्याच्या बाटलीसारखा दिसतो. अर्धी वापरलेली ट्यूब हवा काढून, घट्ट झाकण लावून ठेवली तर पुढच्या महिन्यात चालते. तोंडाशी तपकिरी खपली धरली असेल तर तेवढा भाग काढून टाकावा, पण आतली क्रीमही काळवंडली असेल तर रंगद्रव्य हवेतच जोडले गेले आहे असे समजून ट्यूब फेकावी.

आरोग्याचा सर्वांत गंभीर धोका ॲलर्जीचा आहे. पॅरा-फेनिलिनडायअमिनची ॲलर्जी लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी कानामागे, मानेवर, पापण्यांवर खाज, सूज आणि पाणी भरलेले फोड येतात. म्हणूनच त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी रंगवण्याच्या ४८ तास आधी करायची असते आणि तिची पद्धत त्या-त्या रंगाच्या माहितीपत्रकात दिलेली असते. दुकानात पत्रकाविना सुटी ट्यूब हातात पडली तर कंपनीच्या संकेतस्थळावरून पत्रक मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. आजवर काही झाले नाही, हा दाखला इथे उपयोगी पडत नाही, कारण शरीर वर्षानुवर्षे सहन करून एके दिवशी ॲलर्जिक होऊ शकते. ‘अमोनियामुक्त’ लिहिलेल्या ट्यूबमध्ये अमोनियाच्या जागी बहुधा इथेनॉलअमिन असते, रंगद्रव्य तेच राहते. लग्नसराईत लावलेल्या ‘काळ्या मेहंदी’ने कधी हात सुजला असेल, तर त्या व्यक्तीने त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कोणताही ऑक्सिडीकरणाचा रंग डोक्याला लावू नये, त्या मेहंदीचा काळेपणा पुष्कळदा याच रसायनातून आलेला असतो. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर रंग धुऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मेहंदीचा दुसराही एक पेच आपल्याकडे ठळक आहे. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेल्या मेहंदीतून लोह केसांत उतरते, आणि काही बाजारी मेहंदीत धातूचे क्षार मिसळलेले असतात. लोह आणि तांब्यासारखे धातू पेरॉक्साइडचे विघटन वेगाने घडवून आणतात; त्यात उष्णता निर्माण होते, केस ठिसूळ होतात आणि रंग हिरवट किंवा भलताच येतो. विंचरताना गळलेले आठ-दहा केस काचेच्या वाटीत थोड्या तयार मिश्रणात बुडवून अर्धा तास पाहिल्यास हे आधीच कळते. वाटी कोमट लागली, बुडबुडे येऊ लागले किंवा केस ओढताच तुटले, तर तो केस कापला जाईपर्यंत रंगाचा विचार सोडावा. चाचणीचे किंवा रंगवून उरलेले मिश्रण झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नये. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद बाटली फुगून फुटू शकते. ते भरपूर पाण्याबरोबर लगेच वाहून द्यावे.