कुलपामागे गेलेल्या कुकीज

एका वीजबिलाच्या साइटवर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचेच पान पुन्हा पुन्हा उघडत होते. अनेकांप्रमाणे मीही ब्राउझरचा सगळा डेटा पुसला आणि बाकीच्या सगळ्या साइट्सवरूनही बाहेर फेकला गेलो. पुसायची होती ती एकाच साइटची जुनी नोंद. ती सोय फोनमध्ये होती, पण वेगळ्याच जागी.

अशी नोंद, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी, तिला कुकी म्हणतात. तिची कल्पना 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी आणली. दुकानाच्या साइटला ग्राहकाची टोपली लक्षात राहावी, एवढीच गरज होती. नेटस्केप सगळ्या साइट्सच्या कुकीज `cookies.txt` या एकाच फाइलमध्ये ठेवत असे. पुढे एका साइटला जेमतेम 4 केबीची कुकी पुरेना, म्हणून पानांना फोनमध्येच काही एमबी साठवता येतील अशी localStorage सारखी कोठारे आली. ही कोठारे साइटगणिक वेगळी असतात. तरीही क्रोमच्या मेनूत सहज सापडणारे पुसण्याचे बटण वेळेप्रमाणे चालते: शेवटचा तास, 24 तास, सगळा काळ वगैरे. साइट निवडायला तिथे जागा नाही.

साइटपुरती पुसणी पत्त्याशेजारच्या कुलपामागे गेली. कुलूप म्हणजे जोडणी सुरक्षित, असा त्याचा मूळ अर्थ. त्यावर बोट ठेवले की साइटची माहिती उघडते, हे कोणाला सुचावे? गूगलच्या 2021 मधील पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त 11 टक्के लोकांना सांगता आला. सप्टेंबर 2023 मध्ये क्रोम 117 पासून तिथे दोन सरकपट्ट्यांचे चिन्ह आले. मला हा बदल योग्य वाटतो, कारण ते चिन्ह निदान सेटिंग्जसारखे दिसते.

अँड्रॉइडवर ती अडलेली साइट उघडा, त्या चिन्हावर दाबा, `Cookies and site data` मध्ये जा आणि साठलेल्या डेटाच्या ओळीतील कचराकुंडीवर बोट ठेवा. साइट उघडतच नसेल तर `Settings`, `Site settings`, `All sites` या वाटेने जाऊन तिचे नाव शोधा. आयफोनच्या सफारीत ही यादी ब्राउझरमध्ये नाही, फोनच्या सेटिंग्जमध्ये सफारीच्या `Advanced` खाली `Website Data` मध्ये आहे. तिथे नावावर डावीकडे सरकवले की पुसायचे बटण दिसते.

पुसण्याआधी त्या साइटचे इतर टॅब बंद करा, नाहीतर उघडे पान पुन्हा डेटा लिहू शकते. साइटने तुम्हाला नव्याने लॉगिन विचारले, म्हणजे पुसणी झाली. अर्धवट भरलेला फॉर्म किंवा टोपली जाऊ शकते. जतन केलेला पासवर्ड मात्र वेगळ्या जागी असतो, तो राहतो. माझे लॉगिन पहिल्या पुसणीनंतरही अडकलेच, कारण त्या साइटचे लॉगिनचे पान दुसऱ्याच पत्त्यावर होते आणि त्याचा डेटा वेगळा पुसावा लागला.