पीव्हीसीच्या छताला पोट का सुटतं?

डिसेंबरात बसवलेलं पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग एप्रिलच्या मध्याला लाटा मारायला लागतं, ही तक्रार विदर्भात आणि खानदेशात नवी नाही. पत्र्याखालच्या खोल्यांत तर हमखास ऐकू येते. मग घरमालक म्हणतो, पॅनेल हलकं निघालं. मिस्त्री म्हणतो, ऊनच तसं आहे. पॅनेल खरोखर हलकं असूही शकतं, पण दुकानदाराशी भांडायच्या आधी शिडी लावून कोपऱ्याची पट्टी काढावी आणि पॅनेलचं टोक भिंतीला टेकलंय का ते बघावं. टेकलं असेल तर ऊन आणि दुकानदार दोघांनाही सोडून द्यावं.

तापल्यावर सगळेच पदार्थ वाढतात, पण सारखे वाढत नाहीत. कडक पीव्हीसीचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश सेल्सिअसने तापला की साधारण 0.07 मिलिमीटर वाढतो. लोखंड तेवढ्याच उष्णतेत 0.012 मिलिमीटर वाढतं. लाकूड धाग्याच्या दिशेने त्याहूनही कमी, 0.003 ते 0.005 मिलिमीटर. प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींना सैलसर धरून असतात, म्हणून थोड्या उष्णतेतही त्या दूर सरकतात. धातूतले अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, त्यांना तेवढी मोकळीक नसते.

आता एक खोली घेऊ. अकोल्यातली, पत्र्याखालची, 10 बाय 12 फुटांची. पत्र्याच्या खाली दर दोन फुटांना लोखंडी चौकोनी पाइप 10 फुटांच्या दिशेने टाकलेत. पाइपांच्या खालून 12 फुटांच्या दिशेने लाकडी रिपा मारल्यात, दर सव्वा फुटाला एक. आणि रिपांना आडवी, म्हणजे 10 फुटांच्या दिशेने, 250 मिलिमीटर रुंदीची पॅनेलं. काम जानेवारीत सकाळी झालं, तेव्हा पॅनेल 12 अंशांवर होतं असं धरू. मेमध्ये दुपारी पत्र्याखालची हवा कोंडते आणि पॅनेल 52 अंशांपर्यंत जातं असंही धरू. फरक झाला 40 अंशांचा. 10 फूट म्हणजे 3050 मिलिमीटर, म्हणजे पॅनेलची लांबी वाढणार सुमारे साडेआठ मिलिमीटरने.

साडेआठ मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदीसुद्धा नाही. तेवढ्याने छत वाकडं कसं होईल, असं कुणालाही वाटेल. गंमत इथेच आहे. पॅनेल दोन्ही टोकांना भिंतीला भिडलेलं असेल आणि प्रत्येक रिपेला स्क्रूने आवळलेलं असेल, तर ही वाढ रिपांमधल्या आठ गाळ्यांत वाटली जाते. प्रत्येक सव्वा फुटाच्या गाळ्याच्या वाट्याला येतो जेमतेम एक मिलिमीटर. पण 381 मिलिमीटरच्या अंतरात 382 मिलिमीटरची पट्टी बसवायची तर तिला बाकदार व्हावं लागतं. तो बाक किती, याचं गणित केलं की उत्तर येतं बारा-तेरा मिलिमीटर. एका मिलिमीटरच्या वाढीचं जवळजवळ अर्धा इंच पोट! प्रत्यक्षात थोडी वाढ पॅनेल स्वतःच दाबून घेतं आणि भिंतीचं प्लास्टरही जरा मागे सरतं, त्यामुळे पोट थोडं कमी सुटतं. तरी ट्यूबलाइटचा तिरका उजेड पडला की पाच मिलिमीटरची लाटही लपत नाही.

यावरचा उपाय म्हणजे पॅनेल धरायचं, पण जखडायचं नाही. क्लिप त्यासाठीच असते. ती पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, नाण्याएवढी चीज. तिची जीभ पॅनेलच्या लांब कडेच्या पातळ पट्टीवर बसते आणि स्क्रू क्लिपच्या भोकातून रिपेत जातो, पॅनेलमधून जात नाही. त्यामुळे पॅनेल खाली पडू शकत नाही, पण लांबीच्या दिशेने जिभेखालून सरकू शकतं. आपल्याकडे घाईत कडेच्या पट्टीतूनच थेट सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारतात. एका पॅनेलला नऊ स्क्रू म्हणजे नऊ ठिकाणी खिळवलेलं पॅनेल. भिंतीपाशी जागा सोडली असली तरी तिचा उपयोग उरत नाही, कारण पॅनेलला तिथवर पोचताच येत नाही.

क्लिप लावतानाही हात आवरावा लागतो. ड्रिल मशीनचा क्लच सैल ठेवा, आणि क्लिप बसल्यावर पॅनेल टोकाकडून हाताने ढकलून बघा. थोडं घासत सरकलं तर बरोबर. मुळीच हललं नाही तर स्क्रू पाव आटा मागे घ्या. फक्त एका जागी, लांबीच्या मधोमध असलेल्या रिपेवर, पॅनेल पक्कं करायला हरकत नाही. मग ते दोन्ही बाजूंना सारखं वाढतं, आणि साडेआठची वाढ दोन टोकांना सव्वाचार-सव्वाचार अशी वाटली जाते.

रिपा पातळ असतील तर आणखी एक सांभाळावं. 20 मिलिमीटर जाडीच्या रिपेत 25 मिलिमीटरचा स्क्रू मारला तर तो आरपार निघतो, आणि टोकाजवळ मारला तर रीप चिरते. क्लिपला 16 मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. रिपेच्या टोकाकडे आधी बारीक भोक पाडून घ्यावं. रीप पाइपाला जिथे टेकते तिथे दोरी ताणून पातळी बघावी आणि कमी असेल तिथे पॅकिंग द्यावं. रिपेतला चढउतार पॅनेल झाकत नाही, उलट दाखवतं.

रुंदीच्या दिशेची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे काळजी कमी. 12 फुटांत सगळी पॅनेलं मिळून दहा मिलिमीटर वाढायला हवीत, पण ही वाढ साठत नाही. प्रत्येक पॅनेल एकाच कडेला क्लिपने धरलेलं असतं, दुसरी कड आधीच्या पॅनेलच्या खाचेत नुसती शिरलेली असते. ज्या रिपेवर क्लिपा बसल्यात ती लाकडाची, 40 अंशांत अर्धा-पाऊण मिलिमीटरच वाढणारी. म्हणून प्रत्येक पॅनेल आपापल्या जागी 0.7 मिलिमीटर वाढतं आणि ते खाचेत जिरतं. अट एवढीच, की पॅनेल हातोडीने ठोकून खाचेच्या तळापर्यंत बसवलेलं नसावं. हाताने जेवढं बसतं तेवढं पुरे.

कापाकापीचा हिशेबही आधी करावा. 3660 मिलिमीटरमध्ये 250ची चौदा पॅनेलं आणि वर 160ची एक चिंधी बसते. त्यापेक्षा मध्ये तेरा पूर्ण आणि दोन्ही भिंतींना 205-205 घेतली तर खोली नीटस दिसते. पहिलं पॅनेल कापताना क्लिपची कड ठेवायची, कापलेली बाजू भिंतीकडे. शेवटच्याची क्लिपची कड कापली जाते, ते एका बाजूला खाचेवर आणि दुसऱ्या बाजूला कोपऱ्याच्या पट्टीवर टिकतं. लांबीत भिंत ते भिंत 3050 असेल तर पट्टीच्या मागच्या बाजूची जाडी दोन्हीकडे एकेक मिलिमीटर आणि मोकळी जागा दोन्हीकडे पाच-पाच सोडून पॅनेल 3038 कापायचं. पट्टीची खाच 20 मिलिमीटर खोल असेल तर टोक तिच्यात 15 मिलिमीटर लपतं.

ही पाच मिलिमीटरची जागा जानेवारीच्या सकाळची आहे. तेच काम मेमधल्या दुपारी निघालं तर पॅनेल आधीच वाढलेलं असतं. तेव्हा दोन मिलिमीटर सोडले तरी चालतात, कारण पुढची चाल आकसण्याची आहे: थंडीत प्रत्येक टोक सव्वाचार मिलिमीटर मागे येणार. तेव्हा टोक खाचेतून बाहेर डोकावू नये, एवढंच बघायचं. टेम्पोच्या टपावर उन्हात आलेली पॅनेलं उतरल्या उतरल्या मापून कापू नयेत. एक रात्र खोलीत आडवी ठेवावीत.

आता कोपऱ्याच्या पट्ट्या. बहुतेकांचं काम इथे फसतं, कारण ही पट्टीही पीव्हीसीचीच असते आणि तीही तेवढीच वाढते. वर तिचं टोक कुठल्या खाचेत लपत नाही, उघडं दिसतं. आधी कोन बघा. आपल्या भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून डोळे मिटून 45 अंशांचा काप मारू नये. कोपऱ्यात एक पुठ्ठा आडवा धरा. पट्टीचा तुकडा एका भिंतीला टेकवून त्याच्या बाहेरच्या कडेची रेघ मारा, मग दुसऱ्या भिंतीला टेकवून दुसरी. रेघा जिथे छेदतात तिथून भिंतींच्या कोपऱ्यापर्यंतची ओळ हाच काप. भिंती 92 अंशांत असतील तर तो आपोआप 46चा येतो. बारीक दातांच्या हॅकसॉने, दिसणाऱ्या बाजूकडून, सावकाश कापा. थंडीत सकाळी पीव्हीसी ठिसूळ असतं आणि घाईत कडेचे टवके उडतात. समोरचा चेहरा तिरका कापला की मागची, रिपेला लागणारी पट्टी दोन-तीन मिलिमीटर आखूड करावी, नाहीतर कोपऱ्यात मागचे भाग एकमेकांना अडतात आणि समोरचा जोड उघडा राहतो.

कोपरे बंद हवेत आणि पट्टीला वाढायलाही जागा हवी, हे दोन्ही जमवायचं तर मला एकच पद्धत पटते. पट्ट्या दहा फुटी येतात, म्हणजे 12 फुटांच्या भिंतीला जोड येणारच. तो कोपऱ्याजवळ न घेता भिंतीच्या मध्यावर घ्या. दोन्ही तुकडे कोपऱ्याकडे पक्के करा, बाकीच्या स्क्रूंना ऐसपैस भोकं ठेवा आणि मध्ये दहा-बारा मिलिमीटर मोकळे सोडा. त्यावर उरलेल्या पट्टीचा दोन इंची तुकडा एकाच बाजूला चिकटवा. कोपरे मिटलेले राहतात आणि सगळी हालचाल त्या तुकड्याखाली होते. दहा फुटांच्या भिंतीलाही पट्टी अखंड ठेवायचा मोह टाळावा. कोपऱ्यातल्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवणारे भेटतात, पण पहिल्या उन्हाळ्यात ते पापुद्र्यासारखं सुटून येतं.

बसवलेल्या छतातला दोष त्याच्या लाटेवरून ओळखता येतो. प्रत्येक रिपेपाशी चपटं आणि मध्ये फुगलेलं, असं सव्वा फुटाला एक पोट दिसलं तर पॅनेल लांबीत अडकलंय. तापमान कितीही असो, दोन रिपांच्या मध्येच खाली झोळ असेल तर रिपांमधलं अंतर जास्त आहे. पत्र्याखाली सव्वा फुटाच्या पुढे जाऊ नये, एक फूट ठेवलं तर आणखी बरं. संध्याकाळी पत्रा थंड होताना छतातून टक-टक आवाज येतो, तो क्लिपखालून पॅनेल सरकण्याचा. अधूनमधून आला तर चांगलंच लक्षण, पण मोठा आणि एकाच ठिकाणाहून येत असेल तर तिथली क्लिप आवळली गेली आहे. लाटा दिसल्या की मात्र हिवाळ्याची वाट बघत बसू नये. गरम पीव्हीसी महिनोन्महिने दाबाखाली राहिलं की हळूहळू त्याच आकारात बसतं, आणि मग थंडीतही पोट तसंच राहतं.

राहिली भोकं. पॅनेल मधोमध पक्कं असेल तर खोलीच्या मध्यावरच्या पंख्याच्या रॉडपाशी ते जवळजवळ हलत नाही, तिथे रॉडभोवती दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक पुरते. भिंतीजवळच्या दिव्याशी तेच पॅनेल चार मिलिमीटर सरकतं, म्हणून तिथलं भोक चारही बाजूंनी पाच मिलिमीटर मोठं घ्यावं आणि दिव्याची कड ते झाकते का हे आधी बघावं. पंखा अर्थातच वरच्या पाइपाला टांगायचा, रिपेला नाही. जुने पिवळे बल्ब असतील तर त्यांना पॅनेलपासून लांबच ठेवावं, कारण 75-80 अंशांपाशी कडक पीव्हीसी मऊ पडू लागतं.