आजचा फोटो, साठच्या दशकाचा पेहराव: ऑर्डर देण्याआधी हे वाचा

आमच्या स्टुडिओत येणारे बरेच ग्राहक फोनमधला फोटो दाखवून म्हणतात, ‘याला जुना लुक द्या.’ त्यांच्या मनात तपकिरी झाक, थोडे ओरखडे आणि कडेला पांढरी चौकट असते. ते काम पाच मिनिटांचं आहे, पण त्यामुळे आजचा फोटो फक्त खराब झाल्यासारखा दिसतो. साठच्या दशकाची ओळख शिलाईत, छपाईत आणि कापडाच्या पडण्यात असते. आम्ही काम तिथून सुरू करतो, म्हणून आम्हाला आठ-दहा दिवस लागतात आणि म्हणूनच हे पत्रक हातात देतो.

आधी साल ठरवा

साठचं दशक एकसारखं नव्हतं. १९६१-६२च्या फोटोत कॉलर लहान, पॅन्ट अरुंद आणि साड्यांवर बारीक नक्षी दिसते. दशकाच्या मध्यावर कमीज आखूड आणि अंगाला घट्ट बसणारी झाली, खाली चुडीदार आला, डोक्यावर केसांचा उंच पफ आला. १९६८-६९कडे जाता जाता फुलं मोठी झाली, रंग भडक झाले, कॉलर रुंद होऊ लागली. १९६२ची लहान कॉलर आणि १९६९ची फुलं एकाच फोटोत आली, तर पाहणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. घरात आजी-आजोबांचा, काका-मावशीचा त्या काळातला एखादा फोटो असेल आणि मागे साल लिहिलेलं असेल, तर तोच आमचा सगळ्यात चांगला नमुना.

शिलाई

ब्लाउजवरून काळ लगेच ओळखू येतो. आजचं ब्लाउज बहुधा प्रिन्सेस कटचं असतं, आतून पॅड असतं, पाठ खोल असते आणि नाडीला लटकन असतं. त्या काळच्या ब्लाउजला टक्स असत. त्यामुळे छातीचा आकार गोलाईपेक्षा टोकदार दिसे. मुंढा वर, अगदी बगलेजवळ बसे आणि बाही दंडाला घट्ट असे. फॅशन करणाऱ्या मुली बिनबाह्यांचंही शिवत. मुंढा खाली उतरला की खांदा ढिला दिसतो आणि वर कितीही जुनी साडी चढवली तरी फोटो आजचाच राहतो. म्हणून कापडाला हात लावण्याआधी आम्ही मुंढ्याची रेघ वर घेतो आणि टक्सच्या सावल्या नव्याने रंगवतो.

पुरुषांच्या फोटोत हेच काम कॉलर आणि टाय करतात. टाय अरुंद, कोटाची कॉलरपट्टीही अरुंद. आणि टेरिलीनचा पांढरा शर्ट असेल तर आतल्या बनियनची कड पुसट दिसायला हवी. ते कापड पातळ होतं, बनियन दिसायचंच. ग्राहक कधी कधी ती कड काढून टाकायला सांगतात. आम्ही राहू द्या म्हणून आग्रह करतो, कारण तो शर्ट खरा वाटतो तो त्या कडेमुळे.

कापड आणि छाप: एका फोटोची गोष्ट

गंगापूर रोडवरच्या एक ताई आमच्याकडे दोन फोटो घेऊन आल्या. एक त्यांच्या आईचा, १९६५ सालचा, ठिपक्यांच्या नायलॉन साडीतला. दुसरा त्यांच्या भाचीचा, परदेशातून फोनवर आलेला, निळ्या कुर्त्यातला. दोन्ही फोटो शेजारी लावायचे होते आणि भाची आजीसारख्या साडीत दिसायला हवी होती. भाची इथे असती तर आम्ही सरळ साडी नेसवून फोटो काढला असता. व्यक्ती आणि कापड दोन्ही हाताशी असतील तेव्हा तोच उत्तम मार्ग आहे, आणि आम्ही तसंच सुचवतो.

पहिला प्रश्न ठिपक्याच्या मापाचा. अंदाजाने टाकलेली नक्षी जवळजवळ नेहमी मोठी होते. माप घ्यायला आम्ही दोन बाहुल्यांमधलं अंतर धरतो, कारण मोठ्या माणसांत ते साधारण सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास असतं. आजींच्या जुन्या फोटोत ते अंतर ११ मिलिमीटर भरलं आणि साडीवरचा ठिपका २.२ मिलिमीटर. म्हणजे ठिपका डोळ्यांमधल्या अंतराचा पाचवा हिस्सा, प्रत्यक्षात सव्वा सेंटिमीटर. भाचीच्या फोटोत बाहुल्यांमध्ये ३१० पिक्सेल होते, म्हणून ठिपका ६२ पिक्सेलचा घेतला. आमच्या मुलाने त्याआधी नजरेने ११०चा टाकला होता. ती साडी नव्हे, पडदा वाटत होता.

मग कापड. ताईंच्या घरी ट्रंकेत त्याच काळातली एक साधी, बिननक्षीची नायलॉन साडी होती. ती पुतळ्याला नेसवली. भाचीच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता, म्हणून दिवाही डावीकडेच, थोडा वर ठेवून फोटो काढला. त्या फोटोतल्या उजेड-सावलीवरून संगणकावर `Displace` हे फिल्टर ठिपक्यांना चुणीबरोबर वाकवतं. राखाडी चित्रात जिथे उजळ तिथे छाप एका बाजूला सरकतो, जिथे गडद तिथे दुसऱ्या. छाप किती सरकवायचा तो आकडा आम्ही ५ ते १०च्या दरम्यान ठेवतो. त्याहून वाढवला की ठिपके फाटल्यासारखे होतात.

एवढं करूनही पहिला नमुना फसला. ताई तो पंचवटीला आजींकडे घेऊन गेल्या आणि आजींनी आम्हाला फोन लावायला सांगितलं. म्हणाल्या, “अरे बाळा, हे नायलॉन नाही. नायलॉन अंगाला चिकटून बसायचं आणि पदर सारखा खांद्यावरून सरकायचा. आम्ही पिन लावूनच बाहेर पडायचो. तू तर खळ घातलेली वायल नेसवलीस.”

आजींचं बरोबर होतं. पुतळ्याला नेसवताना आम्ही पदराच्या चुण्या हाताने नीट चेपून बसवल्या होत्या, सुती साडीला करतात तशा. सुती कापडाची घडी कडक मोडते आणि उभी राहते. नायलॉनची चूण गोलसर, लांब आणि निसटती असते. त्यावर उजेडाची बारीक, तुकड्यातुकड्यांची चमक पडते. साडी पुन्हा नेसवली, पदर अरुंद करून खांद्यावर एकाच पिनेने धरला आणि बाकीचा मोकळा सोडला. आता चुण्या खांद्यावरून खाली तिरक्या धावल्या.

दुसरी चूक आजींनी बोलून दाखवली नाही, ती आम्हालाच दिसली. फिल्टर ठिपका वाकवतं, पण चुणीच्या पोटात गेलेलं कापड त्याला कळत नाही. खऱ्या पदरावर चुणीच्या कडेला ठिपका अर्धा कापला जातो आणि शेजारच्या चुणीवर दुसराच ठिपका सुरू होतो. आमच्या नमुन्यात ठिपके चुणीवरून अखंड चालले होते, काचेवर चिकटवल्यासारखे. त्यासाठी प्रत्येक चूण वेगळी कापून छाप वेगवेगळा सरकवावा लागतो. पदराच्या सात चुण्यांना एक अख्खी दुपार गेली. तुम्हाला कुणी असा फोटो करून दिला, तर आधी चुणीची कड बघा. तिथे छाप तुटत नसेल तर काम अर्धवट आहे.

फुलांची साडी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तेव्हाच्या हातछपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागे. म्हणून रंग थोडे, सपाट, आणि जिथे चौकट जराशी सरकली तिथे पाकळीच्या कडेला पांढरी बारीक रेघ राही किंवा एक रंग दुसऱ्यावर चढे. आजच्या डिजिटल छपाईतली फुलं आतून बाहेर हळूहळू फिकट होत जातात. ग्राहक इंटरनेटवरून असं फूल पसंत करून आणतात तेव्हा आम्ही तीन-चार सपाट रंगांत ते नव्याने बसवतो.

काळा-पांढरा की रंगीत?

तेव्हा आपल्याकडे घरोघरचे फोटो बहुतेक काळे-पांढरेच होते. रंग हवा असेल तर स्टुडिओवाले छापील फोटोवर हाताने रंग भरत. काळा-पांढरा करायचा असेल तर रंगाच्या प्रेमात पडून कापड निवडू नका. भाचीला लाल साडीवर हिरवे ठिपके हवे होते. काळ्या-पांढऱ्यात ते लाल आणि हिरवं जवळजवळ एकाच राखाडी छटेत उतरलं आणि ठिपके गायब झाले. संगणकावर लाल गडद करता येतं, पण त्वचेतही लाल असतं, चेहरा आणि ओठ लगेच काळवंडतात. शेवटी गडद कापडावर पांढरे ठिपके घेतले, आजींच्या फोटोत होते तसेच. नमुना ठरवण्याआधी कापडाचा फोटो फोनवर काळा-पांढरा करून बघा. नक्षी दिसली तर घ्या.

आम्हाला काय द्याल, आणि आम्ही काय करणार नाही

मूळ फाइल हवी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली नको, ती आकसून येते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणा. आठ बाय दहा इंचांच्या प्रतीसाठी किमान २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. सेल्फी शक्यतो नको. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि स्टुडिओतला जुना फोटो असा कधीच नसे. कुणालातरी दीड-दोन मीटर लांब उभं करून, डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीच्या उजेडात फोटो काढून घ्या. केस खांद्यावर मोकळे सोडलेले असतील तर गळा आणि खांदा झाकला जातो. तिथलं ब्लाउज आम्हाला कल्पनेने काढावं लागतं आणि ते कळतं. केस मागे बांधून घ्या, अंबाडा किंवा पफ आम्ही बसवू. टिकलीही काढून ठेवा. कुंकवाची कड टिकलीइतकी कोरीव नसते, ते वेगळं रंगवावं लागतं.

चेहऱ्याचा आकार, त्वचेचा रंग आणि बांधा आम्ही बदलत नाही. भुवया आणि डोळ्यांतलं काजळ त्या काळचं करतो, तेही विचारून.

जरीच्या पैठणीचं काम आम्ही चुणीचुणीत छाप बसवून करत नाही. येवल्याची खरी पैठणी घरी असेल तर ती आणा, आम्ही तिचाच पदर पुतळ्यावर घेऊन फोटो काढू. विणलेल्या जरीवर उजेड ज्या तऱ्हेने फिरतो, तो छापातून आणता येत नाही.

कच्चा नमुना पाचव्या दिवशी दाखवतो आणि दोन वेळा बदल करून देतो. घरात त्या काळात तो पेहराव केलेलं कुणी असेल तर नमुना त्यांना नक्की दाखवा आणि ते काय म्हणाले ते आम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगा. प्रतीच्या मागे आम्ही फोटो तयार केल्याचं खरं साल आणि ‘नवा फोटो, जुना पेहराव’ असं शाईने लिहितो. भाचीचा फोटो आता आजींच्या खोलीत त्यांच्या फोटोशेजारी आहे. उद्या घरातल्या मुलांनी तो खाली उतरवला, तर कोणती आजी आणि कोणती नात हे त्यांना मागच्या बाजूला वाचता येईल.