ऑक्सिमीटरवर ९७, तरी आजी गुंगीत का?

"आजीला सीओपीडी हा फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे, घरी ऑक्सिजन लावलाय, ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय, मग धोका टळला ना?"

नाही भाऊ. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही, आणि श्वसन निकामी होणं टाइप वन की टाइप टू ते त्याच्यावरच ठरतं. न्यूमोनियात ऑक्सिजन पडतो पण पेशंट धापा टाकून कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतो, तो रक्तात ४५ मिमी पाऱ्याच्या वर जात नाही, हा टाइप वन. आता समजा चोपड्याकडची म्हातारी, जन्मभर चुलीचा धूर, हवा नीट बाहेरच पडत नाही, घरच्यांनी सिलिंडर फुल सोडला, आकडा ९७, सगळे खुश अन् ती गुंगीत, एबीजी ही धमनीच्या रक्ताची तपासणी केली तर कार्बन डायऑक्साइड ७८, पीएच ७.२५, म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेलं. हा टाइप टू. अशांना ऑक्सिजन मोजूनच, ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ राहील एवढा, आणि दवाखान्यात बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन. घाबरून ऑक्सिजन एकदम बंद मात्र करू नका हां, तेही जिवावर बेततं.